दुधाची पिशवी वाचताना होणाऱ्या या चुका टाळा

मे महिन्यात वहिनीचा फोन आला. "अगं, दूध फाटलेलं नाही, आंबट वासही नाही, पण चहा कडू लागतोय. खोक्यावर तारीख तर ऑक्टोबरची आहे!" खोका कधी उघडला विचारलं, तर म्हणाली, "झाले की आठ दिवस. फ्रिजमध्येच तर होता."

घोटाळा तिथेच होता. ऑक्टोबरची तारीख बंद खोक्यासाठी होती. कात्रीने कोपरा कापला त्या क्षणी ती तारीख संपली. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा, हे त्याच खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. पण आपण तारीख वाचतो आणि तिच्या शेजारची अट वाचत नाही.

दुधाच्या पाकिटावर तीन वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. दुधात फॅट किती, त्याला किती उष्णता दिली आणि ते किती दिवस टिकेल. आपण बहुतेक वेळा एकीवरून दुसरीचा अंदाज बांधतो आणि फसतो.

चूक पहिली: 'टोन्ड' म्हणजे पाणी घातलेलं

आमच्या आजीचं हे ठाम मत होतं, आणि ते निम्मं खरं होतं. टोन्ड दुधात पाणी घालतात, पण नुसतं पाणी नव्हे. ही युक्ती मुंबईतलीच. १९४० च्या दशकात दूध कमी आणि माणसं जास्त अशी शहराची स्थिती होती. तेव्हा मुंबईच्या दूधपुरवठ्याचं काम बघणाऱ्या दारा खुरोडींनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळून दूध वाढवण्याची पद्धत आणली. याच खुरोडींना पुढे १९६३ साली अमूलच्या कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हिशोब करून बघा. १०० किलो म्हशीच्या दुधात ६ किलो फॅट आणि ९ किलो एसएनएफ धरू. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेला घन भाग: प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. फॅट ३ टक्क्यांवर आणायचं तर एकूण दूध २०० किलो व्हायला हवं. नुसतं १०० किलो पाणी ओतलं तर एसएनएफ साडेचार टक्क्यांवर घसरेल, आणि ती सरळसरळ भेसळ. टोन्ड दुधाला एसएनएफ ८.५ टक्के लागतं, म्हणजे २०० किलोत १७ किलो. असलेले ९ वजा केले की ८ किलो कमी पडतात. तेवढी, म्हणजे आठ किलोहून थोडी जास्त पावडर आणि बाकीचं पाणी, असं मिश्रण होतं. फॅट अर्धं झालं, प्रथिनं मात्र जवळपास जागच्या जागी राहिली. आजच्या डेअऱ्यांत बरंचसं काम सेपरेटरने फॅट काढून होतं, पण पाकिटावरचा शब्द तोच राहिला.

आता आकडे. फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ. स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५ आणि ८.५. टोन्डमध्ये ३ आणि ८.५. डबल टोन्डमध्ये १.५ आणि ९. अर्ध्या लिटरच्या पिशवीत फुल क्रीममधून साधारण ३० ग्रॅम फॅट पोटात जातं, टोन्डमधून १५ आणि डबल टोन्डमधून साडेसात.

'डबल' या शब्दाने फसणारे कमी नाहीत. डबल टोन्ड म्हणजे दुप्पट दाट असं समजून बाळंतिणीसाठी मुद्दाम तेच नेणारे लोक मी पाहिले आहेत. डबल इथे फॅट आणखी एकदा निम्मं केल्याचं सांगतं. गंमत अशी की एसएनएफ डबल टोन्डमध्ये टोन्डपेक्षा जास्त मागितलं आहे. त्यामुळे ते 'पांढरं पाणी' नाही. बासुंदीला किंवा तूप कढवायला मात्र ते निरुपयोगी.

खेडेगावात दूध घालणाऱ्या घरात हे आकडे शिकवावे लागत नाहीत. तिथे संकलन केंद्रावर रोज फॅट आणि एसएनएफ मोजतात आणि त्यावर पैसे मिळतात. गायीच्या दुधाच्या दराच्या बातम्यांतले ३.५ आणि ८.५ हे तेच आकडे. शहरातल्या पिशवीवरही ते असतात, फक्त आपण पिशवीच्या रंगावर जातो.

रंगाचं एकच सांगते: कोणत्या दुधाला कोणता रंग हे कायद्याने ठरलेलं नाही, प्रत्येक डेअरी आपापला ठरवते. घर बदललं, शहर बदललं, डेअरी बदलली की रंगाची सवय सोडायची आणि शब्द वाचायचा.

चूक दुसरी: सायीवरून दूध जोखणं

"साय धरत नाही, म्हणजे दुधात काहीतरी आहे" ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' हा शब्द आहे का ते आधी बघा. होमोजिनायझेशनमध्ये दूध प्रचंड दाबाने बारीक फटीतून ढकलतात. फॅटचे थेंब इतके लहान होतात की ते वर तरंगून एकत्र येत नाहीत, दुधातच पसरून राहतात. अशा दुधात फॅट पूर्ण असलं तरी साय पातळ येते. उलट होमोजिनाइज्ड नसलेल्या दुधावर फॅट तेवढंच असूनही जाड साय धरते. घरी लोणी-तूप करायचं असेल तर होमोजिनाइज्ड नसलेलं फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध घ्यावं, नाहीतर आठवडाभर साय साठवून हाती फार काही लागत नाही.

चूक तिसरी: पाश्चराइज्ड आणि यूएचटी एकच समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वहिनीचीही मुळातली चूक हीच होती.

पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. रोगजंतू मरतात, पण सगळे जंतू मरत नाहीत. काही उष्णता सोसून राहतात. म्हणून ते दूध सतत थंड ठेवावं लागतं आणि पिशवीवरची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते.

यूएचटी दूध १३५ अंशांच्या वर दोन-चार सेकंद तापवतात आणि निर्जंतुक जागेत, निर्जंतुक केलेल्या पाकिटात भरतात. खोका कागद, प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमच्या पातळ थरांचा असतो. हवा नाही, उजेड नाही, जंतू नाहीत. म्हणून ते बंद असेपर्यंत फ्रिजबाहेर महिनोन् महिने टिकतं. त्यात टिकवण्यासाठी रसायन घातलेलं नसतं. ही शंका मला दर वेळी कोणीतरी विचारतंच.

गडबड होते ती अशी. एकाच कंपनीचं टोन्ड दूध पिशवीतही मिळतं आणि खोक्यातही, कधी तर एकाच नावाने. यूएचटी दूध पिशवीतही येतं, त्यामुळे 'पिशवी म्हणजे पाश्चराइज्ड, खोका म्हणजे यूएचटी' हा ठोकताळाही चालत नाही. 'यूएचटी' किंवा 'अल्ट्रा हाय टेंपरेचर' हे शब्द आहेत का, एवढंच बघायचं. टोन्ड की फुल क्रीम याचा याच्याशी काही संबंध नाही.

पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध प्रवासासाठी म्हणून बॅगेत टाकलं, तर संध्याकाळपर्यंत ते खराब होणार. आणि यूएचटी उघडून ते 'टिकणारं' आहे म्हणून आठवडाभर वापरलं, तर वहिनीसारखा कडू चहा. तो कडवटपणा का आला? ओट्यावर विसरलेल्या दुधात जंतू साखरेचं आम्ल करतात, दूध आंबतं, फाटतं, आपल्याला कळतं. फ्रिजमधल्या थंडीतही वाढणारे जंतू वेगळे. ते प्रथिनं तोडतात, आणि त्यातून कडू चव येते. दूध फाटत नाही, म्हणून आपण ते चांगलं समजतो. थोडक्यात, फाटलेलं नसलेलं दूधही गेलेलं असू शकतं.

चूक चौथी: तारीख म्हणजे हमी

'यूज बाय' असेल तर त्या दिवसानंतर वापरू नये. 'बेस्ट बिफोर' चव आणि दर्जाबद्दल बोलतं. पिशवीच्या दुधावर तारखेच्या शेजारी 'रेफ्रिजरेटेड' आणि तापमानाचा आकडा असतो. ती अट मोडली की तारीखही मोडली.

शनिवारचं उदाहरण घ्या. पिशवीवर पॅकिंग १४ तारखेचं, वापरण्याची मुदत १६ पर्यंत. पहाटे साडेचारला क्रेट दुकानासमोर उतरले, दुकान साडेसहाला उघडलं, पिशवी तुम्ही नऊला घेतली आणि वाटेत भाजी घेऊन दहाला घरी आलात. उन्हाळ्यात हे साडेपाच तास बाहेर गेले. १६ तारीख छापणाऱ्याने ते धरलेले नव्हते. घरी फ्रिजच्या दारात ठेवलं तर आणखी नुकसान, कारण दार हा फ्रिजचा सर्वांत उबदार भाग. आत, मागच्या बाजूला ठेवा.

घेताना हात लावून बघा. पिशवी थंड हवी आणि फुगलेली नको. फुगलेला खोकाही घेऊ नका, तारीख पुढची असली तरी.

यातलीच एक पोटचूक: कालचं उरलेलं दूध आणि आजची पिशवी एकाच पातेल्यात ओतून उकळणं. कालचं आम्लाकडे झुकलेलं असेल तर नवंही त्याच्याबरोबर फाटतं आणि मग दोष नव्या पिशवीला दिला जातो. शंका आली तर डेअरीची जुनी रीत वापरा. दोन चमचे दूध छोट्या भांड्यात घेऊन उकळा. गुठळ्या दिसल्या तर बाकीचं पातेल्यात घालू नका. संकलन केंद्रावर परीक्षानळी उकळत्या पाण्यात धरून हीच परीक्षा घेतात. पण ती फक्त आम्ल पकडते, कडवटपणा पकडत नाही. त्यासाठी उकळून गार केलेला एक थेंब जिभेवर टाकावा लागतो.

उकळल्याने तारीख नवी होते हाही गैरसमज. उकळीने जिवंत जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू राहतात. आधी तयार झालेलं आम्ल आणि कडवटपणा तर जागच्या जागी राहतातच. पाश्चराइज्ड दूध थंड साखळीत सांभाळून आलं असेल तर उकळायची गरज नाही. पण आपल्याकडे ती साखळी कुठे तुटली याचा भरवसा नसतो, म्हणून मी उकळते. यूएचटी खोका उघडल्या उघडल्या तसाच वापरते.

वहिनीने उरलेलं दूध ओतून टाकलं. नव्या खोक्यावर तिने मार्करने उघडल्याची तारीख लिहायला सुरुवात केली आहे, आणि एक छोटा २०० मिलीचा खोका घेते. दिवसाला एकच चहा पिणाऱ्या माणसाला लिटरचा खोका पुरवून पुरवून वापरणं मुळात जमतच नाही.