आठवी स्टेप लागली की फ्यूज जायचा: कपॅसिटर बँकेतला रेझोनन्स

१००० केव्हीए ट्रान्सफॉर्मर, इम्पिडन्स ५%, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. ६०० किलोवॅट लोडचा पॉवर फॅक्टर ०.७२ वरून ०.९५ वर न्यायला 600 × (0.964 − 0.329) = 381, म्हणून ४०० केव्हीएआरची बँक, ५० च्या आठ स्टेप. सात स्टेपपर्यंत सगळं ठीक. व्हीएफडी चालू असताना आठवी लागली की फ्यूज जायचा, कपॅसिटर फुगायचे. फ्यूज बदलले, कपॅसिटर नवे घातले, तरी तेच. फार वैताग आला.

उलगडा या गणिताने झाला. Ssc म्हणजे ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट-सर्किट क्षमता, h म्हणजे रेझोनन्स ५० हर्ट्झच्या किती पटीला येतो ते:

```
Ssc = 1000 / 0.05 = 20000 kVA
h = √(20000 / 400) = 7.07
```

म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा इंडक्टन्स आणि बँक मिळून जवळजवळ नेमका सातवा हार्मोनिक वाढवत होते, आणि व्हीएफडी तोच सोडतात. ३५० ला h ७.५६ येतो, म्हणून तिथे निभावत होतं. (वरच्या लाइनचा इम्पिडन्स धरला तर h थोडा खाली येतो.)

उपाय या क्रमाने केला. आधी व्हीएफडी चालू ठेवून प्रत्येक स्टेपला कपॅसिटरचा करंट आणि हार्मोनिक मोजले. आठव्या स्टेपला सातवा एकदम उसळला. मग आठही स्टेपना ७% डिट्यून्ड रिअॅक्टर लावले. एकही स्टेप साधी ठेवू नका, तिचा रेझोनन्स तसाच राहतो. आता ट्यूनिंग १८९ हर्ट्झला, पाचव्याच्याही खाली. रिअॅक्टरमुळे कपॅसिटरवर 415 / 0.93 = 446 व्होल्ट येतात, म्हणून जुने ४४० चे काढून ४८० व्होल्टचे घेतले. त्यांचं रेटिंग ४८० ला मोजलेलं असतं, त्यामुळे ४०० मिळवायला एकूण ५०० केव्हीएआर लागले.