रिव्हर्स कॅमेरा बंद, दोष मात्र डिकीच्या वायरीत

रिव्हर्स टाकला की स्क्रीन काळी आणि वर "No Signal", कधी चित्र यायचं पण आडव्या रेघा मारत, आणि सोबत पार्किंग असिस्ट उपलब्ध नाही असाही मेसेज. सगळे म्हणत होते कॅमेरा गेला, नवीन टाक. पण स्क्रीन रिव्हर्सला आपोआप बदलत होती, म्हणजे रिव्हर्सचा सिग्नल तिथपर्यंत नीट पोचत होता, गडबड कॅमेऱ्यात किंवा त्याच्या वायरीतच कुठेतरी.

मग इंजिन बंद, इग्निशन ऑन, हँडब्रेक ओढून गिअर रिव्हर्सला ठेवला आणि एकाला स्क्रीनसमोर बसवून, कॅमेरा ज्यावर आहे तो डिकीचा दरवाजा हळूहळू वरखाली केला. अर्ध्यावर आला की चित्र यायचं, लावला की गायब! इथेच कळलं, कारण कॅमेरा मेला असता तर दरवाजा हलवून काय फरक पडणार होता.

बिजागरीजवळ रबराची नळी असते ना, ती दोन्हीकडून काढून मागे सरकवली. दरवाजा उघडून-मिटून आतल्या वायरी तिथेच वाकतात. एकीचं प्लास्टिक फाटून तांबं हिरवं पडलेलं, दोनचार तारांवर लटकत होती बिचारी. बॅटरीची निगेटिव्ह काढली, खराब भाग कापून थोडा जास्तीचा तुकडा सोल्डर केला, हीट श्रिंक चढवलं. जोड मात्र वाकणाऱ्या जागेपासून लांब घ्या, सोल्डर तिथे कडक होऊन परत तुटतो. व्हिडिओची वायर जाळीवाली असेल तर आतली तार आणि जाळी एकमेकांना टेकू देऊ नका, नाहीतर चित्रच येणार नाही.

दोन्ही मेसेज गेले, पार्किंग असिस्टचा तर कॅमेऱ्यामुळेच येत होता.