‘गोल्फ’चा फुल फॉर्म शोधण्यापूर्वी

सगळ्यात जुनी चूक म्हणजे फुल फॉर्म जुळला की शब्द आद्याक्षरांतून आला असं मानणं. मीही केली आहे. एका प्रश्नमंजूषेचे प्रश्न मी तपासत होतो. ‘गोल्फ’चं उत्तर ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ असं लिहिलेलं होतं. घाई होती, अक्षरं चपखल बसत होती, मी खूण करून मोकळा झालो. स्पर्धेत एका मुलीने विचारलं, “पण 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेने या खेळावर बंदी घातली, त्या कायद्यात हा शब्द आहे. तेव्हा आद्याक्षरांचे शब्द कोण बनवत होतं?” प्रश्न रद्द झाला आणि माझी तिथली बडदास्तही संपली.

तेव्हापासून मी आधी शब्दाचं वय बघतो. आद्याक्षरं जोडून रोजच्या वापराचे शब्द घडवण्याची पद्धत फोफावली ती विसाव्या शतकात, त्यातही दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास. ‘रडार’ हे नाव अमेरिकन नौदलाने 1940 मध्ये घेतलं, ‘लेसर’ 1950च्या दशकाच्या अखेरीस आला. शब्द त्याहून कित्येक शतकं जुना असेल तर फुल फॉर्म मागाहून चिकटवलेला आहे, असं समजून चाला. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशा, हेही त्यातलंच. तो ‘न्यू’पासून, म्हणजे ‘नवं’ या अर्थावरून आला आहे.

मग मी अक्षरं मोजतो. खरे फुल फॉर्म बहुधा रुक्ष आणि थोडे ओबडधोबड असतात. लेसर म्हणजे ‘लाइट अ‍ॅम्प्लिफिकेशन बाय स्टिम्युलेटेड एमिशन ऑफ रेडिएशन’. यातले ‘बाय’ आणि ‘ऑफ’ गाळले आहेत. ‘रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग’मध्ये उलट ‘अँड’चं अक्षर ठेवलंय आणि ‘रेडिओ’ची दोन घेतलीत. ते यंत्र काय करतं, एवढंच हे फुल फॉर्म सांगतात. गोष्ट सांगणाऱ्या फुल फॉर्मवर माझा विश्वास बसत नाही. अर्थात हा फक्त इशारा आहे, पुरावा नव्हे: ‘स्कूबा’ची अक्षरं अगदी नीट बसतात (‘सेल्फ-कंटेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग अ‍ॅपरेटस’) आणि तरी तो खराच आहे.

जुन्या इंग्रजी छापील मजकुरात हा शब्द सगळा मोठ्या अक्षरांत दिसतो का, हेही बघा. देवनागरीत ती खूण मिळत नाही, म्हणून मूळ लिपीत शोधायचं. एवढे कष्ट नको असलेल्यांनी फुल फॉर्म पाठवू नयेत.

‘मोडेम’ आणि ‘पिक्सेल’ यांना या यादीत घालू नका. ते शब्दांचे तुकडे जोडून झालेत, आद्याक्षरांतून नाही.

आणि माझा नियम जिथे साफ आपटतो तो शब्द ‘टेझर’. फुल फॉर्म ‘थॉमस ए. स्विफ्ट्स इलेक्ट्रिक रायफल’, म्हणजे मुलांच्या कादंबऱ्यांतल्या टॉम स्विफ्ट या नायकाची बंदूक. ऐकताना शंभर टक्के थाप वाटते. पण खरी आहे. त्यातला ‘ए’ मात्र अक्षरं जुळावीत म्हणून घुसवलेला.