बेट चुकीची सेटल झाली? तक्रारपत्रात या चुका टाळा

हा लेख ब्रिटनमधल्या मराठी वाचकांसाठी आहे, तेही ज्यांचं खातं तिथल्या गॅम्बलिंग कमिशनचा परवाना असलेल्या कंपनीकडे आहे त्यांच्यासाठी. भारतात 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. परदेशातून चालणाऱ्या बिनपरवाना साइटवर भारतात बसून बेट लावली असेल, तर पुढचा मार्ग तुमच्यासाठी नाही. अशा साइटला जाब विचारायला मुळात जागाच नसते.

वाद बहुतेक वेळा नियमातल्या एका शब्दावर अडतो, म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. एका काल्पनिक टी-ट्वेंटी सामन्यात पहिल्या डावात 158.5 पेक्षा जास्त धावा होतील, अशी बेट आहे. रक्कम 20 पौंड, ऑड्स 1.90, बेट लावली संध्याकाळी 6:12 ला, सामना सुरू होण्याआधी. धावसंख्या 157 असताना 18 व्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर चौकार गेला आणि 161 झाल्या. पुढचे दोन चेंडू निर्धाव गेले, मग पाऊस आला. डाव 17.3 षटकांवर संपवला गेला. कंपनीने ‘षटकं कमी झाली’ असं सांगून बेट रद्द केली आणि 20 पौंड खात्यात परत जमा केले.

इथे पहिली चूक घडते ती पत्र लिहिण्याआधीच: अपुरा नियम वाचणं. कंपनीच्या नियमांत सहसा तीन थर असतात. सर्वांना लागू होणाऱ्या अटी, मग क्रिकेटचे नियम, आणि त्याखाली त्या-त्या मार्केटचे नियम. पावसाबद्दलचं ठळक वाक्य वर दिसतं: षटकं कमी झाली तर बेट रद्द. पण डावातल्या धावांच्या मार्केटखाली बऱ्याच कंपन्यांकडे त्याच वाक्याला शेपूट असतं: ‘निकाल आधीच ठरलेला नसेल तर’. तक्रार उभी राहते ती याच शेपटावर. झालेल्या धावा पुढच्या खेळाने कमी होत नाहीत. त्यामुळे 159 वी धाव निघाली त्या क्षणी ‘जास्त’ची बाजू जिंकली होती. नंतर पाऊस येवो न येवो, निकाल तोच राहणार होता.

हाच पाऊस 155 वर आला असता, तर बेट रद्द होणं बरोबर ठरलं असतं. षटकामागे जवळपास नऊची गती होती, अडीच षटकं बाकी होती, या युक्तिवादाला नियमात जागा नाही. तुमच्या कंपनीच्या नियमात ते शेपूट नसेल, तर 161 वरही दावा टिकणार नाही. म्हणून दुसऱ्या कंपनीचा नियम आपल्या पत्रात कधीच उतरवू नका. बेट लावली त्या दिवशी लागू असलेली नियमांची आवृत्ती बघा, पानावरच्या बदलाच्या तारखेसकट स्क्रीनशॉट काढा आणि नियम पूर्ण वाक्यात, कलम क्रमांकासह द्या. अर्धं वाक्य दिलं तर उरलेलं अर्धं कंपनी तुमच्याविरुद्ध वापरेल.

दुसरी चूक स्लिपच्या तपशिलात होते. ‘माझी कालची क्रिकेटची बेट’ एवढ्याने काही सापडत नाही. सेटल झालेल्या बेटांच्या यादीत ती स्लिप उघडा आणि बेट क्रमांक, मार्केटचं नाव, निवड, रक्कम, ऑड्स, बेट लावल्याची वेळ हे सगळं जसंच्या तसं उतरवा. मार्केटच्या नावात ढिलाई परवडत नाही. ‘पहिल्या डावातल्या धावा’ आणि ‘सामन्यातल्या एकूण धावा’ ही दोन वेगळी मार्केट आहेत, पावसाचा नियमही दोन्हींना वेगळा असू शकतो. वेळ लिहिताना ती ब्रिटिश आहे की ग्रिनिच, हेही सांगा. उन्हाळ्यात दोन्हींत एक तासाचा फरक असतो, आणि ‘आधीच ठरलेला’ या मुद्द्यावर कोणती गोष्ट आधी घडली हेच सिद्ध करायचं असतं. धावांचा पुरावा म्हणून टीव्हीचा फोटो देऊ नका. अधिकृत धावफलक आणि चेंडूगणिक नोंद जोडा.

तिसरी चूक आकड्याची, आणि ती फार वेळा होते. 20 पौंड गुणिले 1.90 म्हणजे 38 पौंड, म्हणून लोक 38 पौंड मागतात. पण 20 परत आलेले आहेत, तेव्हा बाकी 18 पौंडच आहेत. जास्त रक्कम मागितली की उत्तर देणाऱ्याला आकडा खोडून काढायची आयती संधी मिळते आणि नियमाचा मुद्दा बाजूला पडतो. मधेच कॅश आउट घेतलं असेल तर बेट तिथेच तुमच्या संमतीने मिटलेली असते, मग हा दावा करू नका.

पत्र इंग्रजीत पाठवावं लागेल, मजकूर साधारण असा ठेवा:

‘ही औपचारिक तक्रार आहे. बेट क्रमांक अमुक, अमुक तारखेला ब्रिटिश वेळेनुसार 18:12 ला लावली. मार्केट: पहिल्या डावातल्या धावा. निवड: 158.5 पेक्षा जास्त. रक्कम 20 पौंड, ऑड्स 1.90. आपण ती रद्द केली. आपल्या क्रिकेट नियमांतलं कलम अमुक असं आहे: (पूर्ण वाक्य). 17.1 षटकांत धावसंख्या 161 झाली. खेळ 17.3 षटकांवर थांबला, म्हणजे षटकं कमी होण्याआधीच निकाल ठरला होता. बेट विजयी म्हणून सेटल करून उरलेले 18 पौंड जमा करावेत. नकार असेल तर कोणत्या कलमाने, ते लेखी कळवावं आणि तो अंतिम निर्णय असल्यास तसं नमूद करावं.’

यात मागच्या बोनसची रड किंवा पैसे काढायला लागलेला उशीर घालू नका. एका पत्रात चार तक्रारी असल्या की उत्तर सर्वांत सोप्या तक्रारीला मिळतं.

चौथी चूक म्हणजे चॅटवर भांडून थांबणं. चॅटवरचा माणूस ‘ट्रेडिंग टीमने तपासलंय’ म्हणून बोळवण करतो, आणि तक्रार म्हणून नोंद झाली नसेल तर मुदत सुरू झाल्याचं दाखवता येत नाही. कंपनीच्या तक्रार पद्धतीत दिलेल्या पत्त्यावरच ईमेल करा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. तक्रार पोहोचल्यापासून कंपनीकडे आठ आठवडे असतात. त्यात अंतिम नकार आला किंवा ती मुदत उलटली, की कंपनीने नेमलेल्या स्वतंत्र तंटा निवारण संस्थेकडे जाता येतं. ‘आयबास’ ही त्यातली एक. ग्राहकाला त्यासाठी पैसे पडत नाहीत. नेमकी कोणती संस्था, ते कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं.

पुष्कळ जण इथे थेट गॅम्बलिंग कमिशनला लिहितात आणि वाट पाहत बसतात. कमिशन परवान्यावर देखरेख ठेवतं, पण एकेका बेटचा निवाडा करत नाही आणि पैसेही मिळवून देत नाही. निवारण संस्थेकडे मात्र पहिलं पत्र, कंपनीचं अंतिम उत्तर, स्लिप, नियमाचा तारखेसह स्क्रीनशॉट आणि धावफलक असं सगळं एकदम पाठवा. तिथे नवा मुद्दा काढू नका, कारण कंपनीने ज्या तक्रारीला उत्तर दिलं तीच पुढे तपासली जाते.