या चुका टाळा: रेझ्युमे पाठवून ‘दहापैकी किती?’ एवढेच विचारणे

अंबड औद्योगिक वसाहतीतील एका मशिनिंग कारखान्यात चार वर्षे इन-प्रोसेस इन्स्पेक्शन, म्हणजे उत्पादन चालू असतानाच नगांची तपासणी, करणाऱ्या, मेकॅनिकल डिप्लोमाधारक तरुणाने मला आपला दोन पानी रेझ्युमे पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: ‘सर, दहापैकी किती द्याल?’ त्याआधी त्याच्या मामांनी त्याला ९, एका जुन्या सहकाऱ्याने ८ आणि भरतीचे काम पाहणाऱ्या ओळखीच्या एका बाईंनी ५ गुण दिले होते. यांपैकी खरे कोण, हे त्याला माझ्याकडून हवे होते. तिघांनीही आपापल्या परीने खरेच सांगितले होते. फक्त प्रत्येकाने मनात वेगळी नोकरी धरली होती, आणि मामांनी तर बहुधा नोकरी न धरता भाचाच धरला होता.

कोणत्या जागेसाठी, हे न सांगता गुण मागणे ही पहिली चूक. मी विचारल्यावर त्याने दोन जाहिराती पाठवल्या. एक सिन्नरच्या कारखान्यातील इन-प्रोसेस क्वालिटी इंजिनिअरची होती, तर दुसरी सप्लायर क्वालिटीची, म्हणजे माल पुरवणाऱ्यांच्या कारखान्यात जाऊन तेथील दर्जा सांभाळण्याच्या कामाची. दुसऱ्या जाहिरातीत चार गोष्टी मागितल्या होत्या: पुरवठादारांचे ऑडिट, पुरवठादाराचा भाग नियमित उत्पादनाआधी मंजूर करण्यासाठीची पीपीएपी कागदपत्रे तपासणे, तक्रारींवर एट-डी या आठ टप्प्यांच्या पद्धतीने पाठपुरावा आणि कास्टिंगमधील, म्हणजे ओतीव भागांमधील, दोषांची जाण.

गुण कशाला द्यायचे हे न ठरवणे ही दुसरी चूक. मी आधी वाटणी लिहून काढली: जाहिरातीतील मागण्यांचा पुरावा ४, केलेल्या कामाचा परिणाम २, वाचायला सोपे असणे २, आणि तारखा, हुद्दे, संपर्क यांची अचूकता २. ही वाटणी काही शास्त्र नव्हे, दुसरा कोणी वेगळी करील. पण ती आधी कागदावर असली, की गुण कुठे गेले हे दाखवता येते. तोच रेझ्युमे पहिल्या जागेसाठी ३, १.५, १.५ आणि २ असे मिळून ८ गुणांचा ठरला. दुसऱ्या जागेसाठी चारपैकी फक्त एट-डीचा उल्लेख सापडला, तोही दुसऱ्या पानाच्या तळाशी; म्हणून १, ०.५, १ आणि २, असे एकूण ४.५. सहकाऱ्याचा ८ आणि भरतीवाल्या बाईंचा ५ यांचा उलगडा तेथेच झाला.

मिळालेला आकडा पोकळ आहे की नाही, हे ओळखण्यासाठी ‘राहिलेले गुण नेमके कशाचे गेले?’ असा उलट प्रश्न करावा. ‘अजून थोडे चांगले करता येईल’ असे उत्तर आले, तर तो आकडा शिष्टाचाराचा समजावा. आपल्याकडे कोणाला दुखवायचे नसले, की ७ दिले जातात.

पुढची चूक अधिक महागात पडते, ती म्हणजे लिहिण्यातील उणीव आणि अनुभवातील उणीव एकत्र मोजणे. ‘पुरवठादारांकडे कधी गेलाच नाही का?’ असे मी विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, ‘दर महिन्याला फाउंड्रीत जातो ना, ब्लोहोलचे नग वेगळे काढायला.’ फाउंड्री म्हणजे ओतीव भाग बनवणारा कारखाना, आणि ब्लोहोल म्हणजे त्या भागात वायूमुळे राहिलेली पोकळी. रेझ्युमेत या भेटींची एक ओळही नव्हती. तेथे ‘क्वालिटीशी संबंधित सर्व कामे’ एवढेच होते. त्याने ती ओळ अशी लिहिली: ‘दरमहा फाउंड्रीला भेट देऊन ब्लोहोलच्या कारणांचा पाठपुरावा केला, शंभर नगांमागे नापास होणारे नग ४ वरून २ वर आले.’ हे आकडे त्याच्या रोजच्या नोंदवहीत होते, म्हणूनच लिहू दिले. ही ओळ आणि एट-डीचे काम पहिल्या पानावर आल्यावर त्याच वाटणीने २, १.५, २ आणि २ असे ७.५ झाले. (दुसऱ्या खेपेला तपासणारा किंवा वाटणी बदलली असती, तर ही वाढ मोजण्यात अर्थ राहिला नसता.)

मात्र ७.५ पाहून तो खूश झाला, तेव्हा मला त्याला थांबवावे लागले. मागितलेल्या चार गोष्टींपैकी दोन त्याने केलेल्याच नव्हत्या, आणि ऑडिटचा अनुभव जाहिरातीत ‘अनिवार्य’ म्हणून लिहिलेला होता. नीटनेटकेपणाचे आणि अचूक तारखांचे गुण बेरजेत मिसळले, की असा खड्डा दिसेनासा होतो. म्हणून मागण्यांचा आकडा बेरजेपासून वेगळा, ‘चारपैकी दोन’ असाच लिहावा, आणि एखादी अनिवार्य अट पूर्ण होत नसेल, तर बेरीज सांगूच नये.

हे टाळण्यासाठी रेझ्युमेसोबत असा निरोप पाठवावा: ‘सोबत जाहिरात जोडली आहे. माझा अनुभव चार वर्षांचा, इन-प्रोसेसचा आहे. जाहिरातीतील प्रत्येक मागणीचा पुरावा रेझ्युमेत कोणत्या ओळीत दिसतो आणि कोणती मागणी दिसतच नाही, तेवढे सांगावे. गुण देणार असाल, तर ते कशाचे हेही लिहावे.’

त्या तरुणाने सिन्नरच्या जागेसाठी अर्ज केला आणि सप्लायर क्वालिटीची जाहिरात बाजूला ठेवली. पुढच्या पुरवठादार ऑडिटला वरिष्ठांबरोबर येऊ का, असे त्याने आपल्याच कारखान्यात विचारले आहे.