चारीतले पाणी घनमीटरमध्ये कसे मोजावे : समलंब छेदाच्या कालव्याचा हिशेब

नाशिक जिल्ह्यात गंगापूर धरणाचा डावा कालवा असो, पालखेडचा कालवा असो किंवा नांदूर मधमेश्वरहून निघणारे गोदावरीचे कालवे असोत, त्यांचा आणि त्यांवरील वितरिका व मायनरचा छेद बहुतेक ठिकाणी समलंब चौकोनासारखा असतो : तळ अरुंद, माथा रुंद आणि दोन्ही बाजू उतरत्या. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी घनमापन पद्धतीने देण्याची तरतूद केली. त्यामुळे चारीत उभे असलेले पाणी किती घनमीटर आहे, हा प्रश्न आता संस्थेच्या सचिवापासून साध्या बागायतदारापर्यंत कोणालाही पडू शकतो. हिशेब शाळेतल्या भूमितीचाच आहे, परंतु तो बिघडतो तो जवळपास नेहमी एकाच ठिकाणी, म्हणजे रुंदी कोणती धरायची या प्रश्नावर.

आधी चार मापे

पुढील हिशेबासाठी निफाड भागातल्या मायनरसारखी एक अस्तरीकरण केलेली चारी उदाहरण म्हणून घेऊ. तिची तळरुंदी १.२० मीटर, काठापासून काठापर्यंतची माथारुंदी ४.२० मीटर, तळापासून काठापर्यंतची पूर्ण खोली १.०० मीटर आणि दोन दारांमधली लांबी ८०० मीटर आहे. चारीत सध्या ०.६० मीटर खोल पाणी उभे आहे. हे आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून निवडले आहेत. आपल्या चारीचे आकडे आपणच मोजून घ्यावेत.

तळरुंदी आणि पूर्ण खोली आवर्तन बंद असताना, चारी कोरडी असतानाच मोजून वहीत लिहून ठेवणे उत्तम. वाहत्या कालव्यात उतरून मोजमाप करू नये, कारण अस्तर शेवाळाने निसरडे झालेले असते आणि बाहेर येताना हाताला धरायला काही नसते. लांबी चारीच्या मध्यरेषेवरून, वळणासह मोजावी. पाण्याची खोली मात्र पाणी असतानाच घ्यायची असते. ती फरशीवरून किंवा पुलावरून सरळ काठी सोडून, ओल्या भागाची लांबी पाहून घ्यावी. काठी तिरपी झाली की खोली जास्त भरते.

कधी पूल जवळ नसतो आणि अस्तरावरची ओल तेवढी दिसते. अशा वेळी काठाच्या उतारावरून फीत लावली, तर मिळते ते तिरपे माप, खोली नव्हे. आपल्या चारीचा उतार आडवे दीड, उभे एक असा आहे, कारण पूर्ण खोली १.०० मीटर असताना प्रत्येक बाजू १.५० मीटर बाहेर जाते. अशा उतारावर तिरपे माप खोलीच्या सुमारे १.८० पट भरते. म्हणून उतारावर तळाच्या कोपऱ्यापासून पाण्याच्या रेषेपर्यंत १.०८ मीटर भरले, तर खोली १.०८ भागिले १.८०, म्हणजे ०.६० मीटर असते. तिरपा आकडाच खोली समजून घेतला, तर पुढचा सगळा हिशेब फुगतो.

पाण्याची रुंदी म्हणजे माथारुंदी नव्हे

नकाशावर किंवा नोंदवहीत सहसा तळरुंदी आणि माथारुंदी लिहिलेली असते. या दोन रुंदींची सरासरी काढून तिला पाण्याच्या खोलीने गुणणारे बरेच आहेत. पण माथारुंदी ही काठाची रुंदी आहे, आणि पाणी काठापर्यंत नाही. ते ०.६० मीटरवर थांबले आहे, आणि त्या पातळीवर चारी ४.२० मीटर रुंद नाही.

त्या पातळीवरची रुंदी अशी काढावी : माथारुंदीतून तळरुंदी वजा करावी, त्या फरकाला पाण्याच्या खोलीने गुणावे, पूर्ण खोलीने भागावे आणि आलेला आकडा तळरुंदीत मिळवावा. ४.२० वजा १.२० म्हणजे ३.००; त्याला ०.६० ने गुणून १.०० ने भागले की १.८०, त्यात १.२० मिळवले की पाण्याची रुंदी ३.०० मीटर. शक्य असेल तेव्हा फीत चारीवर आडवी, पाण्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणून हा आकडा पडताळावा. दोन आकड्यांत लक्षात येण्याजोगा फरक पडला, तर बाजू ढासळलेली आहे किंवा अस्तर फुगले आहे असे समजावे आणि मोजलेली रुंदी धरावी.

क्षेत्रफळ आणि घनफळ

पाण्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ म्हणजे तळरुंदी आणि पाण्याची रुंदी यांची सरासरी गुणिले खोली. १.२० आणि ३.०० यांची सरासरी २.१० येते, तिला ०.६० ने गुणले की १.२६ चौरस मीटर. खात्री करायची असेल, तर छेदाचे तुकडे पाडून पाहावे. मधला आयत १.२० गुणिले ०.६०, म्हणजे ०.७२, दोन्ही बाजूंचे त्रिकोण प्रत्येकी ०.९० गुणिले ०.६० भागिले २, म्हणजे ०.२७, एकूण ०.७२ अधिक ०.५४, म्हणजे पुन्हा १.२६. दोन वाटांनी एकच उत्तर आले की पुढे जायला हरकत नाही.

```
रुंदी  = तळ + (माथा − तळ) × खोली ÷ पूर्ण खोली
छेद   = (तळ + रुंदी) ÷ २ × खोली
घनफळ = छेद × लांबी
```

छेदाला लांबीने गुणावे : १.२६ गुणिले ८०० म्हणजे १,००८ घनमीटर, अर्थात १० लाख ८ हजार लिटर. काठाची माथारुंदी चुकून धरली असती, तर छेद १.६२ चौरस मीटर आणि घनफळ १,२९६ घनमीटर आले असते. म्हणजे नसलेले २८८ घनमीटर पाणी कागदावर आले असते, खऱ्या पाण्याच्या चौथ्या भागाहूनही जास्त.

याच आकारामुळे आणखी एक अंदाज फसतो. चारी खोलीच्या निम्म्यापर्यंत भरली, तर पाणीही निम्मे असेल असे वाटते. पण ०.५० मीटर खोलीला रुंदी २.७० आणि छेद ०.९७५ चौरस मीटर, तर काठोकाठ भरल्यावर छेद २.७० चौरस मीटर असतो. म्हणजे निम्म्या खोलीला पाणी असते ते जेमतेम ३६ टक्के. वरच्या थरात पाणी भराभर साठते, म्हणून पातळी थोडी चढली तरी घनफळ बरेच वाढते आणि वरच्या भागातली खोली मोजताना सेंटिमीटरची चूकही महाग पडते.

तळ उतरता असेल आणि दार बंद असेल तेव्हा

वरचा हिशेब खोली सर्वत्र सारखी आहे असे मानतो. पाणी वाहते असताना मधल्या लांबीत ते बऱ्याच अंशी खरे असते. परंतु खालचे दार बंद करून पाणी अडवले, की पाण्याचा पृष्ठभाग सपाट होतो आणि तळ मात्र उतरतच जातो. तळाचा उतार २,००० ला १ असेल, तर ८०० मीटरमध्ये तळ ०.४० मीटर खाली जातो. तेव्हा वरच्या टोकाला ०.४० मीटर पाणी असेल, तर दाराशी ०.८० मीटर असते.

इथे दोन्ही टोकांचे छेद काढून सरासरी घेण्याचा मोह होतो. वरच्या टोकाचा छेद ०.७२, दाराजवळचा १.९२, सरासरी १.३२ आणि घनफळ १,०५६ घनमीटर. हे उत्तर जास्त आहे, कारण खोलीबरोबर छेद सरळ रेषेत वाढत नाही. मधोमध खोली ०.६० मीटर आहे आणि तिथला छेद १.२६, हे आपण आधीच काढले आहे. तेव्हा एका टोकाचा छेद, मधल्या छेदाची चौपट आणि दुसऱ्या टोकाचा छेद यांची बेरीज करून तिला ६ ने भागावे : ०.७२ अधिक ५.०४ अधिक १.९२ म्हणजे ७.६८, आणि भागिले ६ म्हणजे १.२८ चौरस मीटर. घनफळ १,०२४ घनमीटर. समान छेदाच्या चारीत, पाणी सपाट आणि तळाचा उतार सारखा असताना हे उत्तर अगदी बरोबर येते. तेव्हा मधले एक माप घ्यायला पाच मिनिटे गेली तरी ती वाया जात नाहीत. चारीची रुंदी मध्येच बदलत असेल, तर मात्र तिथे लांबी तोडून प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा करावा.

गाळ

मायनरच्या तळाशी गाळ बसतोच. काठी गाळात रुतली, तर ती जुन्या तळापर्यंत जाऊन पाण्यासोबत गाळही मोजते. म्हणून काठीच्या टोकाला हाताच्या पंज्याएवढी सपाट चकती ठोकून घ्यावी, म्हणजे ती गाळावर टेकते. गाळाची जाडी कळण्यासाठी त्याच जागी टोकदार सळई जुन्या तळापर्यंत खुपसावी. दोन मापांतला फरक म्हणजे गाळ.

आपल्या चारीत १५ सेंटिमीटर गाळ असेल आणि पाण्याची पातळी तीच असेल, तर पाण्याची खरी खोली ०.४५ मीटर राहते. आता तळरुंदीही १.२० राहत नाही; गाळाच्या पृष्ठभागावर ती १.६५ मीटर असते. वरची रुंदी ३.०० मीटरच आहे. सरासरी २.३२५ गुणिले ०.४५ म्हणजे सुमारे १.०४६ चौरस मीटर, आणि ८०० मीटरला ८३७ घनमीटर. गाळाने १७१ घनमीटरची जागा खाल्ली आहे. खोली नवी आणि तळरुंदी जुनी, असे मिश्रण केल्यास उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते, हेही ध्यानात असावे.

घनमीटर आणि क्युसेक

कालव्याचे पाणी क्युसेकमध्ये बोलले जाते, पण क्युसेक हे दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याचे, म्हणजे विसर्गाचे माप आहे, साठ्याचे नव्हे. एक क्युसेक पाणी तासभर वाहिले, तर सुमारे १०२ घनमीटर होते. म्हणून १,००८ घनमीटर म्हणजे एका क्युसेकचे जवळपास १० तासांचे पाणी. शेताच्या भाषेत, गळती सोडून, एका हेक्टरवर १० सेंटिमीटर उंचीचा थर.

साठ्याच्या आकड्यावरून किती पाणी वाहून गेले ते मात्र सांगता येत नाही. ०.६० मीटर खोलीने सरासरी ०.४० मीटर प्रतिसेकंद वेगाने पाणी वाहत असेल, तर विसर्ग १.२६ गुणिले ०.४०, म्हणजे सुमारे अर्धा घनमीटर प्रतिसेकंद, जवळपास १८ क्युसेक होतो आणि ८०० मीटरमधले सगळे पाणी साधारण ३३ मिनिटांत बदलते. संस्थेच्या हिशेबात मोजमापयंत्रावरचा आकडा धरला जातो तो यासाठी. चारी भरायला आवर्तनाच्या सुरुवातीला किती पाणी लागणार आणि दार बंद केल्यावर शेवटच्या शेतासाठी तिच्यात किती उरणार, हे मात्र वरच्या हिशेबातूनच काढावे लागते.