मांजराच्या डोळ्यातला आरसा घरच्या घरी कसा तपासावा

लाइट गेले की आमची चिंगी हमखास कपाटाच्या वर जाऊन बसते. एकदा तिला शोधताना मी बॅटरी कमरेपाशी धरून खोलीभर फिरवली. चिंगी काही दिसली नाही. मग कंटाळून बॅटरी कानाशी धरून वर बघितलं, तर दोन हिरवी नाणी लखलखली. मांजर तिथेच होतं आणि बॅटरीही तीच होती, फक्त धरायची जागा बदलली होती. हा फरक का पडतो ते नीट पाहिलं, तर मांजराला अंधुक उजेडात आपल्यापेक्षा बरं का दिसतं त्याचा अर्धा उलगडा होतो. उरलेला अर्धा आरशाबाहेरचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

तयारी

छोटी बॅटरी घ्या. मोबाइलचा दिवा चालेल, पण त्यावर टिश्यू पेपरची दुहेरी घडी रबरबँडने लावा. भगभगीत प्रकाशाने मांजर डोळे मिटतं, शिवाय बाहुली आवळली जाते आणि बघायचं तेच दिसेनासं होतं. लेझर पॉइंटर अजिबात वापरू नका. खोली अंधारी करा आणि पाचेक मिनिटं थांबा, म्हणजे मांजराच्या बाहुल्या पसरतील. अंतर २ ते ३ मीटर ठेवा आणि प्रकाश एका वेळी दोन-तीन सेकंदच टाका. मांजराला धरून बसवू नका. डब्याचं झाकण हळूच वाजवलं की ते आपणहून तुमच्याकडे बघतं.

पहिली पायरी: बॅटरी डोळ्याच्या रेषेत आणा

बॅटरी कानशिलाला टेकवून, आपण बघतो त्याच दिशेने धरा. मांजराने तुमच्याकडे बघितलं की डोळे हिरवट-पिवळे चमकतील. आता तुमची नजर हलवू नका आणि बॅटरी धरलेला हात हळूहळू बाजूला पसरवत न्या, प्रकाश मात्र मांजराच्या तोंडावरच राहू द्या. हात जेमतेम अर्धा पसरेपर्यंत चमक मावळते. मांजराचा चेहरा उजळलेला असतो, मिशाही दिसतात, पण डोळे काळे पडतात.

याचा अर्थ, डोळ्यातून परतणारा प्रकाश सगळीकडे विखुरत नाही, तो आला त्याच वाटेने मागे जातो. डोळ्याच्या पुढचं भिंग आत येणारा किरणांचा झोत मागच्या पडद्यावर एका बिंदूशी आणतं. त्या बिंदूवरून उलटलेला प्रकाश पुन्हा त्याच भिंगातून बाहेर पडताना सरळ उगमाकडे वळतो. म्हणून बॅटरीच्या अगदी शेजारी डोळा असलेल्यालाच चमक दिसते. कमरेपाशी धरलेल्या बॅटरीचा परतीचा झोत माझ्या पोटावर येत होता, डोळ्यांत नव्हे. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी १९३४ साली रस्त्यात बसवायच्या परावर्तकाचं पेटंट घेतलं तेही याच तत्त्वावर. हेडलाइट आणि ड्रायव्हरचे डोळे जवळजवळ एकाच दिशेला असतात. त्यामुळे चमक ज्याला हवी त्यालाच दिसते. त्या परावर्तकाला इंग्रजीत नावच ‘मांजराचा डोळा’ असं पडलं.

आता बॅटरी पूर्ण बंद करा. डोळे दिसत नाहीत. मांजराच्या डोळ्यांतून स्वतःचा उजेड निघतो ही समजूत इथेच निकालात निघते. गडद काळोखात, जिथे प्रकाशाचा कणही नाही तिथे, मांजरालाही काही दिसत नाही. तिथे ते मिशा, कान आणि सवयीवर चालतं.

दुसरी पायरी: आरसा कुठे आहे ते ओळखा

डोळ्याच्या आत सर्वांत मागे प्रकाश टिपणारा पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. अंधुक उजेड टिपण्याचं काम त्यातल्या दंडपेशी करतात. पण येणारा सगळा प्रकाश त्या पकडू शकत नाहीत, बराचसा आरपार निघून जातो. मांजरात या पडद्याच्या पाठीमागे ‘टॅपेटम ल्युसिडम’ नावाचा थर असतो. तो निसटलेला प्रकाश उलटा फेकतो आणि दंडपेशींना तो पकडायची दुसरी संधी मिळते.

हा आरसा काचेचा नाही की धातूचा नाही. तो पेशींचाच आहे, मध्यभागी या पेशींचे पंधरा-वीस थर एकावर एक असतात. प्रत्येक पेशीत काडेपेटीतल्या काड्यांसारख्या बारीक काड्या एका दिशेने रचलेल्या असतात. त्यांत जस्त आणि रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, भरपूर असतं. काड्यांमधलं अंतर इतकं सूक्ष्म आणि नेमकं असतं की ठरावीक रंगाचा प्रकाश जोरात परततो. साबणाच्या फुग्यावर रंग चढतो तसाच हा प्रकार. त्यामुळे कोन थोडा बदलला की हिरवं पिवळसर होतं.

गंमत म्हणजे हा थर पूर्ण डोळाभर नसतो, मुख्यतः वरच्या अर्ध्या भागात असतो. भिंग प्रतिमा उलटी पाडतं, त्यामुळे पडद्याच्या वरच्या भागावर जमिनीकडचं दृश्य पडतं. रात्री आकाश त्यातल्या त्यात उजळ आणि जमीन काळी. उंदीर जमिनीवर. आरसा जिथे कामाचा आहे तिथेच बसवला आहे.

हेही बघता येतं, पण चिकाटी लागते. मांजर कपाटावर समोरच्या भिंतीकडे बघत असेल तेव्हा खाली बसून, थोडं समोरून प्रकाश टाका: चमक ठसठशीत. तेच मांजर जमिनीवर सरळ पुढे बघत असताना उभं राहून वरून प्रकाश टाका: चमक फिकी, कधी लालसर. पंचाईत एवढीच की मांजर बहुतेक वेळा थेट बॅटरीकडेच बघतं. मग दोन्हीकडून सारखंच दिसतं. मला हे नीट दिसायला तीन संध्याकाळी लागल्या.

तिसरी पायरी: माणसाशी ताडून बघा

माणसाच्या डोळ्यावर बॅटरी मारायची गरज नाही. घरातले जुने, फ्लॅशने काढलेले फोटो काढा. लग्नाच्या अल्बममध्ये लाल डोळ्यांचा एक तरी पाहुणा सापडतोच. ती लाली दृष्टिपटलामागच्या रक्तवाहिन्यांची. हॉलमध्ये उजेड कमी, बाहुली मोठी, आणि फ्लॅश कॅमेऱ्याच्या भिंगाला चिकटून. म्हणजे कानशिलाशी धरलेल्या बॅटरीचीच मांडणी.

पण मांजराच्या झगझगाटापुढे ही लाली म्हणजे विझत्या निखाऱ्याची धग. कारण आपल्या दृष्टिपटलामागे आरसा नाहीच, उलट काळ्या रंगद्रव्याचा थर आहे. तो निसटलेला प्रकाश पिऊन टाकतो. कॅमेरा आतून काळा रंगवतात तो याच कारणासाठी, प्रकाश आत इकडेतिकडे उड्या मारून चित्र पुसट करू नये म्हणून. मांजरात आरशाच्या समोरच्या पेशींमध्ये हे रंगद्रव्य नसतं, नाहीतर आरसा झाकला गेला असता.

तेव्हा हा सौदा आहे. परतणारा प्रकाश तंतोतंत त्याच दंडपेशीवर पडत नाही, थोडा शेजारी सांडतो. मांजराचं चित्र उजळ होतं, पण रेषा विरतात. आपण ३० मीटरवरून ओळखतो तो बारकावा मांजराला साधारण ६ मीटरवर यावं तेव्हा कळतो. अर्थात हा दोष एकट्या आरशाचा नाही. मांजराच्या पडद्यावर अनेक दंडपेशींचे संदेश एकत्र करून पुढे पाठवले जातात, त्यानेही तपशील हरवतो. मासळीचा तुकडा अगदी नाकासमोर टाकून बघा. मांजर तो डोळ्याने नाही, वास आणि मिशांनी शोधतं, कारण इतक्या जवळचं त्याला स्पष्ट दिसतच नाही.

चौथी पायरी: हिशोब मांडा

मांजराला आपल्यापेक्षा सुमारे सहापट कमी उजेड पुरतो. याचं सगळं श्रेय आरशाला देण्याची पद्धत आहे, पण हिशोब तसा जमत नाही. आरसा प्रकाशाला फार तर दुसऱ्यांदा पडद्यातून पाठवतो, म्हणजे फायदा जास्तीत जास्त दुप्पट. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण पहिल्या फेरीत काही प्रकाश आधीच टिपला गेलेला असतो.

मग बाकीचं कुठून आलं? बाहुलीकडे बघा. अंधारात मांजराची बाहुली १३-१४ मिलिमीटरपर्यंत पसरते, आपली तरुणपणी फार तर ८, आणि वयाबरोबर ती कमी होत जाते. क्षेत्रफळ काढलं तर मांजराचं दार जवळजवळ तिप्पट मोठं. तीन गुणिले ‘जवळपास दोन’ केले की आपण सहाच्या आसपास पोचतो. हिशोब ढोबळ आहे, संदेश एकत्र करण्याचा भाग यात धरलेलाच नाही, पण मोठा वाटा दाराचा आहे आणि आरसा दुसऱ्या नंबरवर, एवढं त्यातून कळतं.

सहापट म्हणजे किती ते अंतरात बघू. समजा, कागदाच्या घड्यांनी अगदी मिणमिणती केलेली बॅटरी ४ मीटरवर आहे आणि तिच्या उजेडात भिंत तुम्हाला जेमतेम जाणवते. बॅटरी १० मीटरवर नेली की भिंतीवरचा उजेड साधारण सहावा हिस्सा उरतो, कारण अंतर अडीचपट झालं की उजेड अडीच गुणिले अडीचने घटतो. तुमच्यासाठी आता काळोख आहे, चिंगीला भिंत अजून जाणवते. हे स्वतःवर करून बघायचं तर आधी अर्धा तास अंधारात बसा. आपल्या दंडपेशींना पूर्ण सरावायला तेवढा वेळ लागतो. मध्ये एकदा मोबाइल बघितलात तर पहिल्यापासून सुरुवात.

चमक नेहमीसारखी नसेल तर

चमक दिसलीच नाही तर आधी बॅटरीची जागा आणि खोलीतला उजेड तपासा, बहुतेक वेळा चूक तिथेच असते. पिल्लू असेल तर थांबा. त्याचा आरसा पिकायला तीन-चार महिने लागतात, तोवर चमक निळसर दिसते. सयामी किंवा निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजराचे डोळे माणसासारखे लाल चमकू शकतात, तेही बिघाडाचं लक्षण नाही.

पण भर उजेडातही बाहुल्या पसरलेल्या, चमक पूर्वीपेक्षा झगझगीत आणि मांजर पायरीवर चुकतंय, असं एकत्र दिसलं तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आरशासमोरचा पडदा पातळ झाला की प्रकाश अडवायला कोणी उरत नाही आणि चमक वाढते. म्हणजे ही वाढलेली चमक कमी दिसण्याची खूण असते. म्हाताऱ्या मांजरात वाढलेल्या रक्तदाबाने पडदा सुटून अचानक अंधत्व येतं. दुसरं कारण आपल्या घरांत जास्त संभवतं: टॉरिन हा घटक मांजराचं शरीर पुरेसा बनवत नाही, तो मांस-मासळीतून मिळावा लागतो. तो कमी पडला की दृष्टिपटल झिजतं आणि झिजलेलं परत येत नाही. नुसत्या दूध-पोळीवर किंवा कुत्र्याच्या खाद्यावर ठेवलेल्या, बाहेर शिकार न करणाऱ्या मांजराला हा धोका आहे.

आणि अल्बम उघडलाच आहे तर लहान मुलांचे फोटोही बघून घ्या. एका डोळ्यात लाली आणि दुसऱ्यात पांढरी चमक दिसत असेल, तर कधी तो नुसता कोनाचा खेळ असतो, पण कधी मुलाच्या डोळ्यातल्या गाठीची ती पहिली खूण असते. तो फोटो घेऊन त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.